'झाला' म्हणायचे तर स्पॅनिशमध्ये आधी ठरवावे लागते

तो लाजून लाल झाला. त्याची बहीण डॉक्टर झाली. त्यांचे काका उतारवयात फार संशयी झाले. गावातल्या जुन्या शाळेचे आता वाचनालय झाले.

चार वाक्ये, चार अगदी निराळे बदल, पण क्रियापद एकच: होणे. चेहऱ्याचा रंग दोन मिनिटांत ओसरणार, डॉक्टरकीमागे अनेक वर्षांचा अभ्यास, काकांचा स्वभाव बहुधा कायमचा पालटलेला आणि शाळेची तर ओळखच पुसली गेलेली. तरी मराठीला यांत फरक करण्याची गरज वाटत नाही. पुढचे ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो.

हीच चार वाक्ये स्पॅनिशमध्ये सांगायची तर चार वेगवेगळी क्रियापदे लागतात. लाल होणे म्हणजे 'पोनेर्से', डॉक्टर होणे म्हणजे 'आसेर्से', संशयी होणे म्हणजे 'बोल्बेर्से' आणि शाळेचे वाचनालय होणे म्हणजे 'कोन्बेर्तीर्से'. त्यांची अदलाबदल केली तर कधी वाक्य व्याकरणात बसत नाही, तर कधी अर्थच बदलतो. या चौघांच्या जोडीला आणखी दोघे येतात: 'केदार्से' आणि 'येगार आ सेर'. स्पॅनिश व्याकरणात या साऱ्यांना 'बदलाची क्रियापदे' म्हणतात, आणि ती शिकताना परदेशी विद्यार्थी वर्षानुवर्षे अडखळतात. याचे कारण असे की पाठ करायचे शब्द थोडेच आहेत, पण प्रत्येक वेळी बोलण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. अमुक एक बदल झाला एवढे सांगून स्पॅनिश माणूस थांबू शकत नाही. तो बदल कोणत्या प्रकारचा होता, हेही त्याला त्याच श्वासात सांगावे लागते.

(या लेखातले स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतल्या उच्चारांप्रमाणे लिहिले आहेत. स्पॅनिशमध्ये 'व्ही' या अक्षराचा उच्चार 'ब'च्या जवळ जातो आणि 'एच' उच्चारलाच जात नाही.)

एक शब्द हरवला, त्याची जागा अनेकांनी घेतली

लॅटिनमध्ये 'होणे' या अर्थाचे एक सरळ क्रियापद होते, 'फिएरी'. लॅटिनपासून स्पॅनिश घडत गेली, तेव्हा ते मागेच राहिले. ही रिकामी जागा भरायला रोजच्या वापरातली साधीसुधी क्रियापदे पुढे आली. 'पोनेर' म्हणजे ठेवणे किंवा घालणे, 'बोल्बेर' म्हणजे वळणे किंवा परतणे, 'आसेर' म्हणजे करणे, 'कोन्बेर्तीर' म्हणजे रूपांतर करणे आणि 'केदार' म्हणजे राहणे, उरणे. त्यांच्या शेवटी स्वतःकडे रोख वळवणारा 'से' जोडला की ती 'होणे' या अर्थाच्या कामाला लागतात. 'येगार आ सेर'मध्ये 'से' नाही. त्याचा शब्दशः अर्थ 'असण्यापर्यंत पोहोचणे'.

प्रत्येक क्रियापदाने आपला जुना अर्थ थोडा बरोबर आणला. 'करणे'तून आलेल्या आसेर्सेत बऱ्याचदा कर्त्याचा हात दिसतो. 'उरणे'तून आलेल्या केदार्सेत काहीतरी गेल्याची किंवा थांबल्याची जाणीव असते. 'पोहोचणे'तून आलेल्या येगार आ सेरमध्ये मागचा लांबचा रस्ता दिसतो. हा जुना अर्थ ध्यानात ठेवला तर निम्मे काम सोपे होते.

उरलेले निम्मे काम एका दुसऱ्या भेदावर उभे आहे. मराठीतल्या 'असणे'साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. माणूस किंवा वस्तू मुळात कोण आहे, कशी आहे हे सेर सांगते, तर सध्या कोणत्या अवस्थेत आहे हे एस्तार सांगते. 'मालो' म्हणजे वाईट. हे विशेषण सेरबरोबर आले तर तो माणूस वाईट आहे, दुष्ट आहे. एस्तारबरोबर आले तर त्याची तब्येत बरी नाही. बदलाच्या क्रियापदांतही हीच फाळणी चालत येते. 'से बोल्बियो मालो' म्हणजे तो दुष्ट झाला, आणि 'से पुसो मालो' म्हणजे तो आजारी पडला. (बोल्बियो, पुसो ही बोल्बेर्से आणि पोनेर्से यांची भूतकाळाची रूपे.) बदल घडून गेल्यावर त्या माणसाचे वर्णन सेरने होणार की एस्तारने, हे आधी ठरवायचे आणि मग क्रियापद निवडायचे. बोल्बेर्से, आसेर्से, कोन्बेर्तीर्से आणि येगार आ सेर बहुतेक वेळा सेरच्या बाजूला असतात. पोनेर्से आणि केदार्से एस्तारच्या बाजूला असतात.

दोन किहोतेच्या गोष्टीतून

ही सहाही क्रियापदे एकत्र कामाला लागलेली पाहायची असतील, तर स्पॅनिश साहित्यातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट घेऊ. मिगेल दे सेर्वांतेसची 'दोन किहोते', जिला आपण 'डॉन क्विक्झोट' म्हणून ओळखतो, दोन भागांत प्रसिद्ध झाली, 1605 आणि 1615 साली. आजच्या साध्या स्पॅनिशमध्ये तिचे कथानक सांगू लागलो, तर जवळजवळ प्रत्येक वळणावर कोणीतरी काहीतरी 'होते', आणि प्रत्येक वेळी क्रियापद बदलावे लागते.

ला मांचा प्रांतातला पन्नाशीच्या आसपासचा एक गृहस्थ. वीरगाथा वाचण्याचे त्याला विलक्षण वेड. रात्रंदिवस वाचून वाचून अखेर त्याचे डोके फिरते. 'तो वेडा झाला' याचे स्पॅनिश 'से बोल्बियो लोको'. बोल्बेर्सेची ही खास जागा आहे. माणसाच्या मनाला किंवा स्वभावाला एक नवे वळण लागते, ते त्याने मुद्दाम लावून घेतलेले नसते, आणि पूर्वीचा माणूस आता दिसत नाही असे आजूबाजूच्यांना वाटते. कोणी अहंकारी झाला, कोणी चिडखोर झाला, कोणी कंजूष झाला, तर बोल्बेर्से. हे क्रियापद वाईट बदलांसाठी जास्त वापरले जाते खरे, पण तशी सक्ती नाही. एखादा माणूस मोकळा, सहनशील झाला असे म्हणतानाही ते चालते. त्याच्यापुढे विशेषणासारखे नामही येते. एखादा अधिकारी हुकूमशहा झाला, तर तोही बोल्बेर्से.

वेड लागल्यावर हा गृहस्थ एक निर्णय घेतो. आपण फिरता सरदार व्हायचे, जगातला अन्याय निवारायचा. इथे क्रियापद बदलते: 'से इसो काबायेरो आंदांते', तो फिरता सरदार झाला. 'इसो' हे आसेर्सेचे भूतकाळाचे रूप. वेडाने त्याला गाठले होते, पण सरदारकी त्याने आपण होऊन पत्करली. व्यवसाय, धर्म, राजकीय विचार, खाण्यापिण्याचे व्रत अशा गोष्टींसाठी आसेर्से येते. डॉक्टर होणे, बौद्ध होणे, समाजवादी होणे, शाकाहारी होणे, कष्टाने श्रीमंत होणे या सगळ्यांत माणसाने काहीतरी ठरवलेले किंवा केलेले असते. पहिल्या भागाच्या सहाव्या प्रकरणात किहोतेची पुतणी काळजीत पडते. घरातली वीरगाथांची पुस्तके जाळली तरी ग्रामीण प्रेमकाव्ये मागे ठेवली, तर काका उद्या मेंढपाळ होतील आणि त्याहून वाईट म्हणजे कवी होतील, अशी तिला धास्ती वाटते. मेंढपाळ होणे आणि कवी होणे, दोन्हीसाठी सेर्वांतेस आसेर्सेच वापरतो. चारशे वर्षांनंतरही त्या जागी हेच क्रियापद येईल.

पुस्तकांची होळी झाल्यावर पुस्तकांची खोली भिंत घालून बंद केली जाते. आजारातून उठलेला किहोते दार शोधत भिंत चाचपत राहतो, आणि एका जादूगाराने खोलीच उचलून नेली असे त्याला सांगण्यात येते. तो पुस्तकांवाचून राहिला. हे 'से केदो सिन लिब्रोस'. इथे केदार्से आले, कारण बदलाचा गाभा गमावण्यात आहे. पुढे मेंढपाळांच्या दगडांनी त्याचे बरेच दात पडतात. दातांवाचून होणे हेही केदार्से. आंधळा होणे, बहिरा होणे, टक्कल पडणे, विधवा होणे, एकटा पडणे या सर्व ठिकाणी हेच क्रियापद येते. चित्रकार गोया 1792-93 च्या आजारपणानंतर बहिरा झाला. ते स्पॅनिशमध्ये सांगताना 'से केदो सोर्दो' असेच म्हणतील. या क्रियापदाची दुसरी बाजू म्हणजे हालचाल किंवा आवाज थांबणे. माणूस थक्क होऊन जागीच थिजतो, गप्प होतो, झोपी जातो, तेव्हाही केदार्से लागते. बाई गर्भवती झाली असे सांगतानाही हेच वापरतात, आणि तिथे गमावण्याचा काही संबंध नाही. बदलानंतर जी अवस्था मागे राहते, तिच्यावर या क्रियापदाचा रोख असतो.

पवनचक्क्यांचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. किहोतेला त्या राक्षस वाटतात. तो भाला रोखून धावतो आणि पात्याच्या तडाख्याने घोड्यासकट फेकला जातो. हरल्यावर त्याचे स्पष्टीकरण तयार असते. ज्या फ्रेस्तोन नावाच्या जादूगाराने माझी पुस्तके नेली, त्यानेच माझा विजय हिरावण्यासाठी राक्षसांच्या पवनचक्क्या केल्या. म्हणजे राक्षस 'से कोन्बिर्तियेरोन एन मोलिनोस'. एक वस्तू नाहीशी होऊन तिच्या जागी दुसरीच येते तेव्हा कोन्बेर्तीर्से येते. सुरवंटाचे फुलपाखरू, राजपुत्राचा बेडूक, कारखान्याचे संग्रहालय, सगळीकडे हेच. रोजच्या बोलण्यात ते इतके टोकाला जात नाही. एखादे छोटे गाव पर्यटनकेंद्र झाले, एखादी खेळाडू देशाची नायिका झाली, असेही कोन्बेर्तीर्सेने सांगतात. व्याकरणाची अट मात्र कडक आहे. त्याच्यापुढे 'एन' हे शब्दयोगी यायलाच हवे आणि 'एन'पुढे नाम हवे. नुसते 'श्रीमंत' हे विशेषण त्याला चालत नाही, 'श्रीमंत माणूस' चालतो. धर्मांतराच्या अर्थाने हेच क्रियापद वापरले तर मात्र 'एन'ऐवजी 'आ' येतो.

आता सांचो पान्सा. किहोतेबरोबर तो निघतो तो एका आशेवर. धनी एखादे बेट जिंकेल आणि मला त्याचा राज्यपाल करील. अनेक फजित्या, मार आणि उपासमार सोसून दुसऱ्या भागात त्याला खरोखर बाराटारिया नावाचे 'बेट' मिळते. खरे तर तो एका सरदार दांपत्याने रचलेला बनाव असतो, तरी सांचो काही दिवस चांगला कारभार करतो. 'येगो आ सेर गोबेर्नादोर', तो राज्यपालपदापर्यंत पोहोचला. इथे आसेर्से घातले असते तर ते अपुरे पडले असते, कारण सांचोच्या नुसत्या ठरवण्याने हे घडले नाही. लांबचा प्रवास, पायरीपायरीने चढणे आणि शेवटी हाती आलेले पद या सगळ्यांसाठी येगार आ सेर. शिपायाचा सेनापती झाला, कारकुनाचा मंत्री झाला, अशा चरित्रात्मक वाक्यांत हे हमखास भेटते. ते भूतकाळाकडे मागे वळून पाहताना जास्त शोभते. 'मी उद्या डॉक्टर होतो' अशा घाईच्या वाक्यात ते बसत नाही.

राहिले पोनेर्से. साऱ्या कादंबरीभर कोणीतरी घाबरते, संतापते, आनंदते, पांढरेफटक पडते. त्या प्रत्येक ठिकाणी आज पोनेर्से येईल. त्याचा मूळ अर्थच घालणे. 'से पुसो एल सोम्ब्रेरो' म्हणजे त्याने टोपी घातली, आणि 'से पुसो त्रिस्ते' म्हणजे तो उदास झाला. डोक्यावर चढलेली टोपी जशी उतरते तशी ही उदासीही उतरेल, असे या क्रियापदात गृहीत असते. ते शरीरावर आणि चेहऱ्यावर दिसणारे, चटकन येणारे बदल सांगते, आणि ते फक्त विशेषणापुढेच येते. 'से पुसो मेदिको' हे 'तो डॉक्टर झाला' या अर्थाने कधीच चालणार नाही. माणसाखेरीज परिस्थितीलाही ते लागते. आकाश काळे झाले, प्रकरण अवघड झाले, दूध खराब झाले, सगळीकडे पोनेर्से.

शेवटी किहोते तापाने फणफणतो. 'से पुसो एन्फेर्मो', किंवा आपल्या 'आजारी पडला'शी तंतोतंत जुळणारे 'कायो एन्फेर्मो'. मोठी झोप घेऊन तो उठतो तेव्हा डोके स्वच्छ झालेले असते. मी आता दोन किहोते नाही, आलोन्सो किहानो आहे, असे तो सांगतो. या बदलाला सहांपैकी एकही क्रियापद पुरत नाही. इथे 'बोल्बियो आ सेर' लागते, म्हणजे 'पुन्हा झाला'. वेड लागताना 'से'सकट आलेले बोल्बेर इथे 'से'शिवाय आले आणि परतण्याचा आपला जुना अर्थ घेऊन आले.

आजी गप्प झाली

एकाच विशेषणापुढे दोन क्रियापदे बसू शकतात तेव्हा खरी कसोटी लागते. 'आजी गप्प झाली' हे वाक्य घ्या. दारात पोलीस पाहून बोलता बोलता आजी गप्प झाली असेल, तर 'से केदो कायादा'. आवाज थांबला आणि शांतता उरली. आजोबा गेल्यापासून आजी गप्प झाली असेल, तर 'से बोल्बियो कायादा'. पूर्वी बोलकी असलेली बाई आता अबोल स्वभावाची झाली. मराठीत हा फरक 'गेल्यापासून' या शब्दाने कळतो. स्पॅनिशमध्ये तेवढा संदर्भ काढून टाकला तरी क्रियापदावरून कळतो.

'गंभीर झाला' याचेही तसेच. बैठकीत विषय निघताच चेहरा गंभीर झाला, तर पोनेर्से. मूळचा खेळकर माणूस जबाबदारीमुळे गंभीर प्रकृतीचा झाला, तर बोल्बेर्से. 'म्हातारा झाला' याला आसेर्से लावले तर वय आपोआप वाढल्याची साधी नोंद होते. पोनेर्से लावले तर 'किती थकलेला दिसू लागला' अशी छटा येते.

सर्वांत सावध राहावे लागते ते आसेर्सेच्या एका छोट्या जोडणीबाबत. विशेषणाआधी 'एल' हे उपपद आले की 'होणे'चे 'सोंग घेणे' होते. 'से इसो एल एन्फेर्मो' म्हणजे तो आजारी झाला असे नाही. त्याने आजारपणाचे सोंग आणले. 'से इसो एल लोको'चा अर्थ तो वेडा झाला असा होत नाही. त्याने वेड पांघरले, कळूनही न कळल्यासारखे केले. एखाद्या विद्यार्थ्याने सुट्टीच्या अर्जात वडिलांच्या आजाराबद्दल ही चूक केली, तर त्याने नकळत वडिलांवर लबाडीचा आरोप केला असे होईल.

नियम कुठे तुटतात

पाठ्यपुस्तकांत हे सगळे बहुधा एका तक्त्यात बसवलेले असते. पोनेर्से तात्पुरत्या बदलासाठी, बोल्बेर्से कायमच्या, आसेर्से स्वेच्छेच्या, केदार्से नुकसानीच्या. हा तक्ता सुरुवातीला उपयोगी पडतो, पण त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. रात्र झाली हे स्पॅनिश माणूस 'से इसो दे नोचे' असे सांगतो आणि उशीर झाला हे 'से इसो तार्दे' असे. दोन्हीकडे आसेर्से आहे, पण रात्रीने काही ठरवलेले नसते. झोपी जाणे हे नुकसान नाही, तरी तिथे केदार्से येते. आंधळा झालेला माणूस कायमचा आंधळा असतो, तरी तिथे बोल्बेर्से येत नाही. 'लोको' हे विशेषण एरवी एस्तारबरोबर येते, तरी वेडे होण्याला सेरच्या बाजूचे बोल्बेर्से लागते. आणि कोणी नटूनथटून 'सुंदर झाली' असे सांगताना पोनेर्से येते, तिथे इच्छाही असते आणि मेहनतही.

जोन बायबी आणि डेव्हिड एडिंग्टन या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 2006 साली 'लँग्वेज' या नियतकालिकात या प्रश्नावर एक लेख लिहिला. त्यांनी बोलीतली आणि लेखी अशी प्रत्यक्ष वापरातली स्पॅनिश वाक्ये गोळा केली आणि माणसाबद्दल बोलताना कोणते विशेषण कोणत्या क्रियापदाबरोबर येते हे पाहिले. त्यांना असे दिसले की तात्पुरते आणि कायमचे अशा मोठ्या कसोट्यांनी सगळी उदाहरणे नीट उलगडत नाहीत. त्याऐवजी काही जोड्या फार वारंवार येतात, जसे एकटा पडणे, स्तब्ध होणे, घाबरणे, वेडा होणे. त्या प्रत्येक जोडीभोवती अर्थाने जवळची विशेषणे गोळा होतात. 'केदार्से सोलो', म्हणजे एकटा पडणे, ही जोडी पक्की असल्यामुळे अविवाहित राहणे किंवा सगळ्यांपासून तुटणे यांनाही केदार्सेच लागते. लोकांना वाक्ये देऊन ती कशी वाटतात असे विचारले, तेव्हा वारंवार ऐकू येणाऱ्या जोड्या त्यांनी स्वीकारल्याच, पण अशा जोडीच्या अर्थाने जवळची, क्वचित ऐकू येणारी विशेषणेही सहज स्वीकारली. ज्यांचे कोणाशीच नाते नव्हते, ती मात्र खटकली.

म्हणजे स्पॅनिश मूल तक्ता पाठ करत नाही. ते हजार वेळा 'से पुसो नेर्बियोसो' आणि 'से केदो सोलो' ऐकते आणि नव्या विशेषणाला त्यातल्या जवळच्या घरी नेऊन बसवते. व्याकरणातले नियम ही त्या घरांची मागाहून केलेली वर्णने आहेत. म्हणून ती बरीचशी खरी ठरतात आणि पुरती खरी ठरत नाहीत.

प्रदेशानुसारही ही घरे थोडी हलतात. लॅटिन अमेरिकेत बोल्बेर्सेचा वावर स्पेनपेक्षा मोठा आहे. प्रसिद्ध होणे, शाकाहारी होणे यांसाठी तिथे आसेर्सेच्या जागी तेही सहज ऐकू येते. आजारी पडण्यासाठी स्पेनमध्ये पोनेर्से सर्रास वापरतात, तर लॅटिन अमेरिकेत त्यासाठी 'एन्फेर्मार्से' हे स्वतंत्र क्रियापद जास्त चालते. आंधळा झाला म्हणताना 'से' गाळून नुसते 'केदो' म्हणणेही अमेरिकेत रूढ आहे. शेजारच्या पोर्तुगीजने तर निराळीच वाटणी केली. गोव्यातल्या जुन्या पिढीला ठाऊक असलेले 'फिकार' हे पोर्तुगीज क्रियापद, मूळ अर्थ 'राहणे', उदास होण्यापासून श्रीमंत होण्यापर्यंत कितीतरी बदल एकटेच सांभाळते.

शिकणाऱ्याने काय करावे

मराठीतून स्पॅनिशकडे येणाऱ्याची पहिली चूक अशी की 'होणे'ला जोड म्हणून एकच क्रियापद धरून ठेवायचे, बहुधा आसेर्से, आणि सगळीकडे तेच वापरायचे. त्यातून 'से इसो त्रिस्ते' अशी वाक्ये तयार होतात. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण उदासी कोणी व्यवसायासारखी पत्करली असे वाटते. तिथे 'से पुसो त्रिस्ते' हवे. दुसरी चूक म्हणजे गरज नसताना या क्रियापदांच्या मागे लागणे. मराठीत 'तो थकला', 'ती रागावली' असे एका शब्दात सांगतो, तसे स्पॅनिशमध्येही थकणे, रागावणे, जाड होणे, म्हातारे होणे यांसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत. ती ठाऊक असतील तिथे तीच वापरावीत.

अडल्यावर तीन प्रश्न विचारावेत. पुढचा शब्द नाम आहे की विशेषण? नाम असेल तर पोनेर्से लगेच बाद होते. बदलानंतरची स्थिती सेरने सांगणार की एस्तारने? त्यावरून बाजू ठरते. आणि बदलात कोणाचा हात होता, माणसाच्या इच्छेचा, दीर्घ प्रयत्नाचा, नुसत्या काळाचा, की काही गमावण्याचा? बहुतेक वेळा एवढ्यात उत्तर मिळते. न मिळाले, तर ते त्या शब्दाच्या रोजच्या जोडीत शोधावे लागते. म्हणून वहीत नुसते 'पोनेर्से: होणे' असे लिहू नका. 'पोनेर्से नेर्बियोसो', 'बोल्बेर्से लोको', 'आसेर्से मेदिको', 'केदार्से सोलो', 'कोन्बेर्तीर्से एन' आणि पुढे एक नाम, अशा अख्ख्या जोड्या लिहा आणि नवे विशेषण भेटले की ते यांतल्या कोणाचे नातलग आहे ते पाहा. स्पॅनिश लोकही हे असेच शिकतात.